रिकाम्या चौकोनांचं वर्ष

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात "यंदाचं वर्ष कसं गेलं?" असं कोणी विचारलं, की डोळ्यांसमोर पटकन दोन-चार प्रसंग येतात. माझ्याही येतात. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला आणि बघता बघता पापण्या जड झालेला एक मुलगा. त्याच्या अंगावर दंशाची खूणही नव्हती, पण मण्यार चावला होता. अॅम्ब्युलन्समध्येच झालेलं एक बाळंतपण. उसाच्या कडेला बिबट्या दिसला म्हणून घाबरून पळताना पडलेली आणि मनगट मोडून आलेली एक आजी. माझ्या आठवणीतलं वर्ष असं आहे आणि ते खोटंही नाही. पण आमच्या सरकारी रुग्णालयात खिडकीजवळच्या टेबलावर एक लोखंडी ट्रे आहे. त्यातली कार्डं चाळायला बसले, की त्याच बारा महिन्यांची वेगळीच हकिगत वाचायला मिळते. ती सांगण्यासाठी हा लेख.

ही कार्डं आहेत उच्च रक्तदाबाच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या 'बीपी'च्या रुग्णांची. कोरेगाव भीमा, वढू बुद्रुक, तुळापूर या भीमेकाठच्या पट्ट्यातली बरीच मंडळी त्यांत आहेत. वढू म्हटलं की बाहेरच्या माणसाला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते आणि ते साहजिकच आहे. आमच्यासाठी मात्र वढू म्हणजे ऊस, कांदा, गोठा आणि रोज पहाटे सणसवाडीकडे कारखान्यांच्या पाळीला जाणारी तरुण पोरंही. प्रत्येकाच्या कार्डावर बारा चौकोन असतात, महिन्याला एक. चौकोनात तारीख, बीपीचे दोन आकडे, दिलेल्या गोळ्या आणि पुढची तारीख. कार्ड इतकं साधं आहे, की पाचवीतल्या मुलालाही वाचता येईल.

अशा पद्धतीने बीपीचा पाठपुरावा करण्याचं काम देशात 'भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा'ने रुळवलं. हा उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या चार जिल्ह्यांत झाली. त्यात नवं औषध नव्हतं आणि महागडं यंत्रही नव्हतं. ठरलेल्या थोड्या गोळ्या, त्या वाढवण्याच्या ठरलेल्या पायऱ्या, महिनाभराचा साठा एकदम हातात देणं आणि आला नाही त्याला शोधणं, एवढंच. यातलं शेवटचं काम सगळ्यांत अवघड आणि वर्षअखेरीला सगळ्यांत जास्त शिकवणारं.

ट्रेमध्ये एक कार्ड माझंही आहे. पन्नाशी ओलांडल्यापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सिस्टरांसमोर खुर्चीवर बसते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटं गप्प. मग दोनदा मोजायचं आणि सरासरी लिहायची. हे नियम पाळले नाहीत तर आकडा फसवतो. एसटी थांब्यापासून लगबगीने आलेल्या, चहा नुकताच संपवलेल्या, बोलत बसलेल्या माणसाचा वरचा आकडा सहज दहा-पंधराने जास्त येतो. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तरी जास्त येतो.

यंदाच्या माझ्या कार्डावर जानेवारीत १३८/८६ होतं, मे महिन्यात १२६/७८ आणि आता डिसेंबरमध्ये पुन्हा १३६/८६. नुसतं मे आणि डिसेंबर शेजारी ठेवलं तर वाटेल, की सात महिन्यांत बिघडलं. तसं नाही. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी थोडं चढतं. उन्हाळ्यात त्या सैलावतात आणि उतरतं. सरासरी वरच्या आकड्यात ५ मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो, वय झालेल्यांत जास्तही. म्हणून हिवाळ्याची तुलना हिवाळ्याशी करावी. माझा डिसेंबर माझ्या जानेवारीसारखाच आहे, म्हणजे वर्ष जिथल्या तिथे राहिलं. एका दिवशी मोजलेल्या एका आकड्यावरून हे कळलं नसतं.

आता दुसरं एक कार्ड बघू. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांच्या कार्डांवरून ते जुळवलं आहे, पण गोष्ट अगदी नेहमीची आहे. वय ५२, दोन एकर ऊस, घरी दोन म्हशी. जानेवारीत खोकल्यासाठी आले होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी आम्ही मोजतो, म्हणून मोजलं तर १६४/१००. दोन दिवसांनी बोलावून पुन्हा मोजलं, तेव्हाही तेवढंच. अॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी सुरू केली. फेब्रुवारीत १५०/९४. उतरलं होतं, पण १४०/९० च्या खाली नव्हतं, म्हणून टेल्मिसार्टनची दुसरी गोळी जोडली. फाल्गुन अमावास्येला वढूत संभाजी महाराजांच्या बलिदान दिनासाठी मोठी गर्दी होते, घरोघरी पाहुणे असतात. त्या गडबडीतही हे गृहस्थ दोन दिवस उशिरा का होईना, आले. १३६/८६. एप्रिलमध्ये १३२/८४. मे महिन्यात १२८/८०.

मे महिन्यात खुर्चीतून उठता उठता त्यांनी विचारलं, "मॅडम, आता नॉर्मल आलंय ना? मग गोळ्या बंद करून बघू का?" मी म्हटलं, "नॉर्मल आलंय ते गोळ्यांमुळे आलंय, काका. बंद केल्या की परत चढेल." त्यांनी मान हलवली. जूनचा चौकोन रिकामा आहे. जुलैचाही. ऑगस्टचाही. सप्टेंबरमध्ये पायाला विळा लागला म्हणून टाके घालायला आले, तेव्हा बीपी १७२/१०४.

मधल्या तीन महिन्यांत काय झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. जूनमध्ये आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले. गोळ्यांची पिशवी ट्रकमध्ये दिंडीच्या सामानात राहिली. चार-पाच दिवस गोळी घेतली नाही आणि काहीच झालं नाही. चक्कर नाही, डोकेदुखी नाही, उलट रोजच्या चालण्याने बरं वाटत होतं. मग गोळीची गरजच नाही, असं त्यांनी ठरवलं.

त्यांच्या या निष्कर्षात अडाणीपणा नव्हता. आपण सगळे असाच विचार करतो: औषध सोडून बघायचं आणि त्रास होतो का ते पाहायचं. ताप, खोकला, पोटदुखी यांना हा नियम लागू पडतो. इथे दोन कारणांनी तो फसतो. पहिलं कारण, अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एक दिवस गोळी चुकली तर फारसं बिघडत नाही. औषध म्हणून हा मोठा गुण आहे, पण त्यामुळेच सोडल्यावर पहिले काही दिवस बीपी आटोक्यात दिसतं आणि माणसाची खात्री पटते. आठ-पंधरा दिवसांत ते हळूहळू जुन्या जागी जातं. दुसरं कारण, जुन्या जागी गेल्यावरही काही जाणवत नाही. १७० ला बहुतेकांचं डोकं दुखत नाही. त्रास होत असतो तो मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना, हृदयाच्या स्नायूला आणि मूत्रपिंडाला, आणि तिथून वर्षानुवर्षं निरोप येत नाही. त्यामुळे "मला काही होत नाही" हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही त्यावरून बीपीबद्दल काहीच कळत नाही.

या गृहस्थांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ऑक्टोबरमध्ये १५२/९२, नोव्हेंबरमध्ये १३८/८८, डिसेंबरमध्ये १३४/८६. वर्षाच्या शेवटी कार्ड पुन्हा सुरळीत दिसतं. ते जानेवारी आणि डिसेंबर तेवढे बघून म्हणतील, "१६४ चं १३४ झालं, वर्ष चांगलं गेलं." वर्षाचा आढावा बहुतेक वेळा असाच घेतला जातो: सुरुवात, शेवट आणि मधलं एखादं ठळक काही. पण त्या वर्षात त्यांच्या रक्तवाहिन्यांनी जवळजवळ तीन महिने १७० च्या आसपासचा दाब सोसला, हे मधले रिकामे चौकोन सांगतात.

सगळ्याच रिकाम्या चौकोनांचा अर्थ मात्र एक नसतो. यंदा दर शुक्रवारी दुपारी आमच्या सिस्टर आणि आशाताई ट्रेमधून तारीख उलटलेली कार्डं काढून फोन लावत होत्या. जमेल तेव्हा मी शेजारी बसून ऐकत होते. "का आला नाहीत?" असा प्रश्न त्या विचारत नाहीत, कारण त्यावर माणूस बचावात जातो. "गोळ्या किती शिल्लक आहेत?" असं विचारतात. उत्तरातून बाकीचं आपोआप कळतं.

कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या एकाने सांगितलं, की ओपीडी सकाळची आणि त्याची पाळीही सकाळची. रजा घेतली तर दिवसाचा रोज बुडतो. तो मेडिकलमधून गोळ्या विकत घेत होता. त्याचा चौकोन रिकामा होता, पण उपचार चालू होते. ऊसतोडीला आलेल्या एका बाईच्या नवऱ्याने सांगितलं, की कारखान्याचा पट्टा पडला तसे ते एप्रिलमध्येच गावी बीडला परतले. कार्ड कोपीत राहिलं, गोळ्या संपल्या आणि तिकडच्या दवाखान्यात दाखवायला हातात कागद नव्हता. एका आजींच्या घरी गोळ्या भरपूर शिल्लक होत्या. श्रावणातले सोमवार, शनिवार, मग नवरात्र. उपासाच्या दिवशी औषध घ्यायचं नसतं अशी त्यांची समजूत होती. शिवाय उपासाला साधं मीठ चालत नाही म्हणून सैंधव. सैंधव घातल्याने बीपीला त्रास होत नाही असं त्यांना वाटायचं. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. रंग आणि चव बदलली तरी बीपीच्या दृष्टीने ते मीठच. आजींना आम्ही एवढंच सांगितलं, की गोळी पाण्याबरोबर घ्या, पाण्याने उपास मोडत नाही. हे त्यांना पटलं. त्यांचा नोव्हेंबरचा चौकोन भरलेला आहे.

तीन रिकामे चौकोन, तीन कारणं, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा. पाळीवाल्या तरुणाला संध्याकाळी गोळ्या मिळतील अशी सोय लागते. ऊसतोड बाईला गाव सोडताना दोन महिन्यांच्या गोळ्या आणि कार्डाची दुसरी प्रत लागते. आजींना सुनेसमोर पाच मिनिटं बोलणं लागतं. "रुग्ण औषधं नियमित घेत नाहीत" असं एकच वाक्य सरसकट लिहिलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं.

आता हिशोबाची गोष्ट. वर्षअखेरीला आम्हाला विचारतात, "किती जणांचं बीपी आटोक्यात आहे?" समजा ट्रेमध्ये १०० कार्डं आहेत. शेवटच्या तीन महिन्यांत ६२ जण येऊन गेले. त्यांतल्या ५० जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, १२ जणांचं नाही. आलेल्या ६२ पैकी ५० म्हणजे पाचात चार. ऐकायला छान वाटतं. पण न आलेले ३८ जण या हिशोबात कुठेच नाहीत. त्यांना धरलं तर १०० पैकी ५०, म्हणजे निम्मे. दोन्ही आकडे एकाच ट्रेमधून आले आहेत. फरक एवढाच, की पहिल्यात समोर बसलेली माणसं मोजली आणि दुसऱ्यात नोंदवलेली.

म्हणून आमच्या पद्धतीत तीन खाने करतात: आटोक्यात, आटोक्याबाहेर आणि 'तीन महिन्यांत आले नाहीत'. आटोक्याबाहेर असलेल्यांची गोळी वाढवायची हे डॉक्टरचं काम. न आलेल्यांना शोधायचं हे सगळ्या दवाखान्याचं काम. बारा महिने एकदाही न आलेल्यांचं चौथं गाठोडं वेगळं बांधतात. या गाठोड्यात काहींनी गाव बदललेलं असतं, काही खासगी डॉक्टरांकडे गेलेले असतात आणि काही आता या जगात नसतात. डिसेंबरमध्ये हे गाठोडं सोडून बसणं हे माझ्या वर्षातलं सगळ्यांत शांत आणि सगळ्यांत जड काम असतं.

या गाठोड्यातलं नसलं, तरी न विसरता येणारं यंदाचं एक कार्ड आहे. वय साठीच्या पुढे, हसतमुख बाई. ऑगस्टपर्यंतचे सगळे चौकोन भरलेले. सप्टेंबर आणि ऑक्टोबर रिकामे. सुनेचं बाळंतपण, घरात दुसरं माणूस नाही. नोव्हेंबरच्या एका सकाळी उठल्या तेव्हा तोंड वाकडं, उजवा हात लुळा, शब्द अडखळत. घरच्यांना वाटलं, वारं गेलं. आधी तेल लावून मालिश झाली, मग कोणीतरी सांगितलेल्या ठिकाणी लकव्याचं औषध पाजायला नेलं. आमच्याकडे आणल्या तेव्हा दुपार झाली होती.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेही आधी सीटी स्कॅन करून, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. हे तास लक्षणं दिसल्यापासून मोजत नाहीत, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. त्या रात्री दहाला झोपल्या होत्या, म्हणजे घड्याळ दहापासून सुरू. तरीही उठल्या उठल्या सीटीची सोय असलेल्या ठिकाणी नेलं, तर मेंदूचा किती भाग अजून वाचवण्यासारखा आहे हे काही मोठ्या रुग्णालयांत पाहता येतं. वढूहून पुणं तीसएक किलोमीटर. वाघोलीची कोंडी लागली तरी सकाळीच निघालं असतं, तर ती एक शक्यता होती. दुपारी ती उरली नव्हती. गोळ्या चालू असत्या तर लकवा झालाच नसता, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही; बीपी आटोक्यात असलेल्यांनाही तो होतो, फक्त बराच कमी होतो. आता त्या काठी घेऊन चालतात. डाव्या हाताने नातवाला थोपटतात. डिसेंबरचा चौकोन आशाताईंनी त्यांच्या घरी जाऊन भरला: १३८/८४.

माझं वर्ष आठवणींतून सांगायचं, तर मण्यार, बाळंतपण आणि बिबट्या. तो मुलगा आठव्या दिवशी चालत घरी गेला, बाळ बाळंतीण सुखरूप आहेत, आजींच्या मनगटाचं प्लास्टर निघालं. जे आले, त्यांच्या गोष्टी पूर्ण झाल्या. ट्रेमधून सांगायचं, तर ज्या महिन्यांत कोणी आलं नाही, त्या महिन्यांनीच कोणाकोणाचं पुढचं आयुष्य ठरवलं, आणि त्या महिन्यांची आठवण कोणाकडेच नाही. न घडलेली भेट लक्षात राहत नाही. ती फक्त कागदावर दिसते, तेही चौकोन आधीपासून आखलेला असेल तरच.

१ तारखेपासून बरेच जण काही ना काही ठरवतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओपीडीत त्यांची गर्दी असते. कोणी मीठ पूर्ण सोडलेलं, कोणी तंबाखू. त्यांना मी हसून बसवते, बीपी मोजते आणि कार्ड काढून देते. मला उत्सुकता असते ती त्यांच्या जूनच्या चौकोनाची.

या आठवड्यात सिस्टरांनी नवी कार्डं आखून ठेवली आहेत. जुन्या कार्डावरचे शेवटचे तीन आकडे नव्यावर उतरवून घेतले आणि रिकाम्या महिन्यांची नावं वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिली. त्या ५२ वर्षांच्या शेतकऱ्याच्या कार्डावर 'जून, वारी' असं लिहिलं आहे; पालखी निघायच्या आधी त्यांना बोलावून दीड महिन्याच्या गोळ्या छोट्या डबीत द्यायच्या आहेत, म्हणजे ती सदऱ्याच्या खिशात राहील. जानेवारीची तारीख कोणालाच १ दिलेली नाही. त्या दिवशी पेरण्याच्या जयस्तंभाला लाखो लोक येतात, नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते आणि आम्ही सगळे आरोग्य पथकांत ड्युटीवर असतो. वढूच्या सगळ्या कार्डांवर पहिल्या चौकोनाशेजारी ५ तारीख घातली आहे. सोमवार आहे. माझंही कार्ड त्यातच आहे.